उंचावर न लागणारी भूक

ताटात टाकलेलं अन्न दिसलं की ठसकामावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्या स्वयंपाकात काही कमी पडलं असेल, हे तिच्या मनातही यायचं नाही. दोष टाकणाऱ्याचा, आणि तो त्याला तोंडावर सांगायचा, हा तिचा खाक्या. गिऱ्हाईक असो, वाटाड्या असो, नाहीतर खुद्द मालकाचा मेहुणा असो. मेहुण्याने एकदा अर्धा बटाटा टाकला, तेव्हा तिने त्याला तंबूच्या दारातून परत बोलावून खाली बसवलं होतं. तो बिचारा मान खाली घालून बटाटा चावत बसला आणि बाकीचे हसू दाबत आपापली ताटं पुसून घेत होते.

ठसका हे नाव तिला खेचरवाल्यांनी दिलेलं. मिरचीची फोडणी पडल्यावर जसा सगळ्यांना ठसका लागतो, तसा ही बोलायला लागली की लागायचा. तोंडावर मात्र सगळे मावशीच म्हणायचे, कारण रात्रीचं गरम पाणी तिच्या हातात होतं.

डोंगरवाटांवर हौशी लोकांना चालवत नेणारी एक कंपनी होती. तिच्या वरच्या छावणीवर मावशी स्वयंपाक करायची. तळाची छावणी गाडीरस्त्याला लागून, मधली छावणी झाडं संपतात तिथे, आणि वरची खिंडीच्या खाली, नुसत्या दगडांत. तिथे पाणी लवकर उकळतं पण त्याला म्हणावी तशी धग नसते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाताखाली करकरते. मावशी प्रत्येक गोष्ट कुकरमध्ये शिजवायची आणि कुकरची रबरी रिंग थंडीने कडक होऊ नये म्हणून ती स्वेटरच्या आत पोटाशी बाळगायची. दोन स्टोव्ह, चार पातेली, लोखंडी पेट्या आणि तंबूच्या दाराशी ताटं धुवायचं घमेलं. घमेल्याशी ती स्वतः उभी राहायची. प्रत्येकाने आपलं ताट तिच्या हातात आणून द्यायचं, हा नियम. ताटात काही दिसलं तर एकच शब्द, "बसा."

आणि जो बसूनही संपवायचा नाही, त्याचं नाव ती छावणीप्रमुखाला सांगायची. ज्याचं ताट रिकामं नाही, त्याने खिंड चढायची नाही. जो खात नाही तो चालणार कसा, हा तिचा सरळ हिशेब. कुणी म्हणालं डोकं दुखतंय, तर तिचं उत्तर तयार, खाल्लं नाही म्हणून दुखतंय. मळमळतंय म्हटलं तर रिकाम्या पोटी पित्त खवळलंय. त्या उंचीवर निम्म्या लोकांना यातलं काही ना काही होतंच, आणि त्या सगळ्यांवर मावशीकडे एकच औषध होतं, आणखी एक डाव भात.

हे वेड तिला कुठून लागलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ती नुसतीच कजाग वाटेल. आई गेली तेव्हा ती चौदाची होती आणि धाकटा भाऊ चारचा. बाप बसच्या गॅरेजमध्ये कामाला, हात ग्रीसने काळे आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्या वर्षी धाकट्याला ताप आला आणि तो महिनाभर उतरेना. पोरगं वाळून काडी झालं. डॉक्टर म्हणाले, औषध मी दिलंय, आता याला खायला घाला, नाहीतर काही खरं नाही. डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले आणि विसरून गेले. ती विसरली नाही. ती त्याला मांडीवर घेऊन बसायची, नाक दाबायची, तोंड उघडलं की घास सारायची. तो रडायचा, थुंकायचा, ती थुंकलेलं परत भरवायची. पोरगं जगलं. तेव्हापासून भरलेलं पोट म्हणजे जिवंत माणूस, एवढंच गणित तिच्या डोक्यात बसलं ते बसलं.

पुढे तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग स्वयंपाक केला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, एकाला वाढवताना दमले, दुसरा कुठे आणू. भाऊ मोठा झाला, डोंगरावर वाटाड्या झाला, मग छावणीप्रमुख झाला आणि त्यानेच तिला कंपनीत आणलं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, वीस माणसांना एका शिट्टीवर उठवणारा हा गडी. पण ती त्याला सगळ्यांसमोर बारक्याच म्हणायची आणि तिने ताट वाढलं की तो ते निमूट संपवायचा. तिच्या त्या नियमाला त्याने कधी होही म्हटलं नाही की नाहीही म्हटलं नाही. कुणाचं ताट भरलेलं म्हणून ती तक्रार घेऊन आली, की तो त्या माणसाला बाजूला घ्यायचा, चार प्रश्न विचारायचा, आणि माणूस ठीक असला तर गुपचूप खिंडीवर पाठवून द्यायचा. बहिणीशी वाद घालण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटायचं. घरातल्या बोटचेपेपणाची किंमत कधी ना कधी द्यावी लागतेच, पण ती कुणाला आणि कशी, हे आधी कुणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो वर्षभर खाली सपाटीवर कंपनीच्या ऑफिसात बसला. खुर्चीत बसून फोन घेतले, पोट थोडं सुटलं. यंदा हंगामाच्या मध्यावर वरच्या छावणीचा प्रमुख काम सोडून गेला आणि मालकाने भावाला ताबडतोब वर धाडलं. तुकडी आधीच चढत होती. तिला गाठायचं म्हणून हा गाडीतून उतरला तो तळाच्या छावणीवर न थांबता त्याच दिवशी मधलीवर आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वर. ज्या वाटेवर तो स्वतः लोकांना एकेक मुक्काम जास्त करायला लावायचा, ती त्याने धावत चढली. इतक्या वेळा चढलोय, मला काय होतंय, हे त्याचं म्हणणं. शरीराला मात्र जुनी हजेरी चालत नाही. वर्षभर सपाटीवर बसल्यावर ते नव्यानेच चढत असतं.

तो आला त्या संध्याकाळी मावशीने जेवणात जीव ओतला. भातात लोण्याचा गोळा, तळलेले बटाटे, घट्ट डाळ आणि वर पुन्हा तुपाची धार. तुकडी नवी होती आणि वर आल्यापासून ताटं अर्धी परत येत होती, म्हणून तिने ठरवलं होतं की एवढं चमचमीत करायचं की नाही म्हणायची कुणाची छाती होऊ नये. झालं उलटंच. ताटं आणखी भरलेली परत आली. लोण्याचा वास आला आणि दोघीजणी तंबूबाहेरच निघून गेल्या.

"हे काय?" मावशीने दातांच्या डॉक्टरांना विचारलं. तुकडीत ते सगळ्यांत वयस्क, उंच आणि गरीब स्वभावाचे. त्यांच्या ताटात बटाटे तसेच होते.

"मावशी, छान झालंय हो. पण भूकच नाही. चार घास खाल्ले की गळ्यापर्यंत आल्यासारखं वाटतंय."

"दिवसभर चाललात आणि भूक नाही? घरी बायको विचारेल तेव्हा काय सांगू मी?"

"तिला सांगा, वजन कमी झालं. ती पेढे वाटेल."

सगळे हसले आणि मावशीचं डोकं आणखी फिरलं. "बसा," ती म्हणाली. डॉक्टर बसले. त्यांनी भात आणि सूप हळूहळू संपवलं, पण बटाट्यांना हात लावला नाही. ती त्यांच्याकडे बघत उभी होती तेवढ्यात भाऊ बाहेरून आला आणि त्याने आपलं ताट तिच्या हातात दिलं. चाटूनपुसून लख्ख. मावशीचा चेहरा उजळला. तिने ते ताट उचलून सगळ्यांना दाखवलं.

"बघा. माझा भाऊ दोन दिवसांत खालून वर आलाय, आणि बघा त्याचं ताट. तुम्ही लोक नखरे करता."

 टोपी डोळ्यांवर ओढून भाऊ आपल्या तंबूकडे गेला. तो जरा सावकाश चालत होता, पण गुडघ्याच्या माणसाने सावकाश चालायचंच, असं तिला वाटलं.

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. हवा विरळ असते, अंगाला तिची सवय व्हावी म्हणून वरच्या छावणीवर एक दिवस नुसतं हिंडायचं, बसायचं, पाणी प्यायचं. दातांचे डॉक्टर सकाळी लापशीचे तीन-चार चमचे, मग तासाभराने बिस्किट, मग गोड चहा, मग सुके जर्दाळू, असं दिवसभर उंदरासारखं कुरतडत होते. मावशीला ते बघवेना. जेवणाच्या वेळी जेवायचं सोडून हे काय भलतंच. पण गडी तरतरीत होता, फोटो काढत होता आणि सगळ्यांना दातांवर फुकटचे सल्ले देत होता.

भाऊ मात्र सकाळचं ताट देऊन गेला तो दुपारपर्यंत तंबूतच होता. ती चहा घेऊन गेली तर म्हणाला, "उन्हाने डोकं धरलंय जरा."

"ऊन कुठलं, सकाळी काही खाल्लं होतंस का?"

"खाल्लं ना. ताट तुलाच तर दिलं."

दिलं होतं खरं, आणि लख्ख होतं. तिला बरं वाटलं. खाल्लेल्या माणसाला काही होत नाही. तिने दुपारी त्याच्या ताटात इतरांपेक्षा दुप्पट वाढलं आणि ते ताटही लख्ख होऊन परत आलं.

ऊन उतरू लागलं तेव्हा खेचरवाला तणतणत तिच्या तंबूत शिरला. त्याच्या हातात खेचराचा तोबरा होता, दाणे घालून खेचराच्या तोंडाला बांधतात ती पिशवी. तो त्याने तिच्या पुढ्यात उलटा केला. बटाटे, डाळीचा लगदा, लोण्यात माखलेला भात, सगळं जमिनीवर पडलं.

"मावशी, हे तुमचं जेवण माझ्या जनावराला कोण घालतंय? कालपासून तीनातल्या दोन खेचरांना जुलाब लागलेत. उद्या सामान काय तुम्ही वाहणार?"

मावशीने आधी ते अन्न बघितलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. तिच्या हातचं अन्न तोबऱ्यात! समोर गोड बोलायचं आणि मागे जाऊन जनावरापुढे ओतायचं! कोण असेल ते तिला ठाऊकच होतं. दातवाले. नाहीतर त्या दोघी. तिने खेचरवाल्याला तिथल्या तिथे झापलं, की तुझं जनावर, तुझं लक्ष नको का. तोही काही कमी नव्हता. त्याने सुनावलं, की तुमच्या भीतीने लोक मुकाट ताटं रिकामी करतात, ती कुठे करतात ते बघत जा कधीतरी. तिला ते फार झोंबलं.

आज मी धरते त्याला, ती म्हणाली. सगळ्यांसमोर कान धरून आणते. वय बघणार नाही.

जेवण तिने लवकर वाढलं आणि घमेल्याशी उभं राहण्याऐवजी ती मागच्या बाजूने खेचरं बांधली होती तिथे दगडाआड जाऊन बसली. अजून उजेड होता. थंडी हाडात शिरत होती, पण तिच्या अंगात राग असा पेटला होता की शाल खांद्यावरून घसरलेलीही तिला कळली नाही. काय काय बोलायचं ते ती मनातल्या मनात जुळवत होती. चांगलंच जुळत होतं.

कुणीतरी आलं. पावलं वाकडीतिकडी पडत होती, एकदा दगडाला अडखळली. खेचर फुरफुरलं. तोबऱ्याचा बंद सोडल्याचा आवाज आला आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लाज वाटते का..."

भाऊ होता. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने त्याने खेचराची मान धरली होती, पण जनावराला आवरायला नव्हे, स्वतः पडू नये म्हणून. त्याने बहिणीकडे पाहिलं. ताट हातातून सुटलं, तो गुडघ्यांवर आला आणि ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी.

मावशीने जुळवलेलं सगळं बोलणं जागच्या जागी थिजलं. पण राग गेला नाही. राग इतका मोठा होता की त्याला आता जायला दुसरी जागा नव्हती.

"मला सांगायचं होतंस," ती ओरडली. "तोंडात जीभ नाही तुझ्या? मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. शब्द जरा लांबवून, जड जिभेने म्हणाला, "सांगितलं असतं तर... तू काय केलं असतंस, ताई?"

तिने काय केलं असतं ते दोघांनाही माहीत होतं. आणखी एक डाव वाढला असता.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. छावणीवर एक पद्धत होती, त्यानेच बसवलेली. कुणाचं डोकं दुखत असेल तर त्याला एका सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला सांगायचं. ज्याला ते जमत नाही त्याने लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. मावशीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला तो पोरखेळ वाटला होता.

"चाल," ती म्हणाली. "तुझ्या त्या रेषेवर चाल."

"मी बरा आहे. उद्या खिंड आहे, तुकडी..."

"तुकडी गेली खड्ड्यात. चाल म्हणते ना."

तो दोन पावलं सरळ गेला. तिसऱ्याला दारू प्यायल्यासारखा डावीकडे कलला आणि खेचरवाल्याने, जो भांडण पुरं करायला मागोमाग आला होता, त्याला काखेत धरलं. खेचरवाला एकदा त्याच्याकडे आणि एकदा मावशीकडे बघून म्हणाला, "याला खाली न्यायला पाहिजे. आत्ता."

"मी प्रमुख आहे," भाऊ म्हणाला. "कोण खाली जायचं ते मी ठरवतो."

"तू माझा भाऊ आहेस," मावशी म्हणाली. "आणि मी ठरवलंय."

पुढचं सगळं फार भराभर झालं. कंपनीच्या पेटीतला ऑक्सिजनचा सिलिंडर काढून त्याच्या तोंडावर मास्क बांधला. मदतनीस वाटाड्याला तुकडी जागेवर थांबवायला सांगितलं. जुलाब न झालेलं एकच खेचर होतं, त्याच्यावर भावाला बसवून दोन्ही बाजूंनी दोन माणसं धरून चालली आणि पुढे खेचरवाला. मावशी मागून. त्या उतरणीत ती अखंड बोलत होती, कंपनीला शिव्या, मालकाला शिव्या, भावाच्या अकलेला शिव्या, थंडीला शिव्या. खेचरवाला नंतर सांगायचा, की ती गप्प झाली असती तर मला भीती वाटली असती.

तळाच्या छावणीशेजारी गाडीरस्त्यावर दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र होतं. तिथल्या नर्सबाई बांध्याने लहान आणि झोपेतून उठवल्यामुळे चिडलेल्या. त्यांनी भावाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि मग त्या मावशीकडे वळल्या.

"किती दिवसांत वर गेला हा?"

मावशीने सांगितलं.

"आणि याला माहीत नाही असं करायचं नसतं? बाकीच्यांना शिकवतो ना हा? मेंदूला सूज यायला लागली होती. आणखी काही तास वर राहिला असता तर तुम्ही त्याला उचलूनच आणला असता."

"तो खात नव्हता," मावशी म्हणाली. एवढं तरी तिच्या बाजूने धरलं जाईल असं तिला वाटलं. "लपवून टाकत होता. खाल्लं असतं तर..."

"खाल्लं असतं तरी हेच झालं असतं," नर्सबाई म्हणाल्या. "खाल्लं नाही म्हणून तो आजारी पडला नाही. आजारी पडला म्हणून त्याला खाववत नव्हतं. तुम्ही उलटं धरून बसलाय."

मावशीला असं कुणी बोललेलं बरीच वर्षं झाली होती. ती उसळली. "मग वर कुणीच खात नाही ते? सगळेच आजारी का?"

नर्सबाई खुर्चीत बसल्या. त्यांनाही एकदाची ही बाई समजावून सोडावी असं वाटलं असावं. "नाही. भूक बहुतेक सगळ्यांचीच मंदावते. वर हवेत ऑक्सिजन कमी मिळतो ना, तसा अंगातला कारभार बदलतो. पोट रिकामं झालं की मेंदूकडे निरोप जातो की भूक लागली, वाढा. तो निरोप नेणारं जे द्रव्य रक्तात सुटतं, तेच तिथे कमी सुटतं. आणि पोट भरल्याचे निरोप लवकर पोचतात. पोटातलं पुढे सरकायलाही वेळ लागतो, म्हणून चार घासांत गच्च वाटतं. चालून दमलेल्या अंगाला खरं तर जास्त लागतं, पण मागायचं ते विसरतं."

"मग भरवायलाच पाहिजे की."

"थोडं थोडं. दिवसभर. भात, बटाटा उकडलेला, लापशी, गोड चहा, सूप, जे जाईल ते. तुम्ही काय करता? तळलेलं आणि लोणी?"

मावशीने नाइलाजाने मान हलवली.

"तेलातुपाचं पोटात सगळ्यांत जास्त वेळ बसून राहतं. ज्याला आधीच मळमळतंय त्याला तुम्ही लोणी दाखवता. आणि तसं काही दिवस राहिलं, अंग रुळलं, की बऱ्याच जणांची भूक परत येते. तुम्ही हंगामभर वर असता, तुम्हाला लागतेच ना? पहिल्या आठवड्यात लागायची का?"

लागायची नाही. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मावशी स्वतः दोन-चार दिवस चहावर काढायची आणि त्याला ती दमणूक म्हणायची. स्वतःची ती दमणूक, दुसऱ्याचा तो माज. हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि ते कळल्याचा तिला भयंकर राग आला.

"भूक कमी आणि बाकी माणूस ठीक, तर घाबरायचं नाही," नर्सबाई उठता उठता म्हणाल्या. "भूक नाही, वर डोकं दुखतंय, मळमळतंय, तर तिथेच थांबवायचं, चढू द्यायचं नाही. तोल जायला लागला तर खाली. पण हे कळणार कधी? माणूस खरं सांगेल तेव्हा. तुमच्याकडे लोक खरं सांगतात का?"

 मावशीच्या डोळ्यांसमोर दातांचे डॉक्टर आले, अर्धं भरलेलं ताट सगळ्यांदेखत तिच्या हातात देणारे. त्यांना ती आज कान धरून आणणार होती. तो माणूस खरं बोलत होता, आणि ती ज्याचं लख्ख ताट मिरवत होती तो मरायला टेकला होता.

सकाळी उन्हाची तिरीप खाटेवर आली तेव्हा भावाचा चेहरा माणसासारखा दिसू लागला होता. जीभ मोकळी झाली होती. मावशीने केंद्राच्या मागच्या चुलीवर पातळ सूप केलं, त्यात तेलाचा थेंब नाही, आणि वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसली. हात त्याचे अजून थरथरत होते, म्हणून तीच भरवत होती.

"तू मला मारलंच असतंस," भाऊ म्हणाला. शांतपणे म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं. "म्हणजे मी माझ्याच मूर्खपणाने मेलो असतो, ते आहेच. धावत मी चढलो. पण वीस माणसांसमोर माझं ताट उचलून धरल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो, की मला अन्नाचा वास सहन होत नाही?"

"मला एकटीला सांगायचं."

"तुला एकटीला?" तो हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं. "ताई, चार वर्षांचा होतो तेव्हापासून मी तुला नको म्हणू शकलेलो नाही. तुझं ऐकलं नाही तर तू रडायचीस. मग मी गिळायचो."

ती रडायची हे तिला आठवत नव्हतं. नाक दाबलेलं आठवत होतं, भरवलेलं आठवत होतं, पोरगं जगलं तेही. स्वतःचं रडणं तिने कुठे टाकून दिलं होतं कोण जाणे. तिला त्याला फाडकन मारावंसं वाटलं आणि पदरात घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्ही करता येईना म्हणून तिने चमचा भरला.

त्याने तो घेतला. आणखी एक घेतला. मग मान मागे टाकून म्हणाला, "बस."

वाटी अजून निम्मी होती. मावशीचा हात आपसूक पुढे गेला, चमचा भरून. आणि भावाने, आताच बस म्हणालेल्या चाळिशीच्या त्या माणसाने, तिचा हात येताना पाहिला आणि तोंड उघडलं.

चमचा तिथेच हवेत राहिला. तिने त्याचं उघडं तोंड बघितलं, वर तिच्याकडे लागलेले डोळे बघितले. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणा दुसऱ्याचा नव्हता.

"तोंड मिट," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. तोंड उघडंच होतं.

"बस म्हणालास ना? मग मिट तोंड. मी काही म्हटलं तरी उघडायचं नाही. मी रडले तरी नाही. कळलं का, बारक्या?"

त्याने तोंड मिटलं. ती वाटी घेऊन उठली, दाराबाहेर गेली आणि उरलेलं निम्मं सूप तिने मातीत ओतून दिलं. मग वाटी विसळत ती तिथेच उभी राहिली, पाठ खोलीकडे करून, पोराला झोप लागेपर्यंत.